पडून राहिलेला माल: सवलत भरण्यावर नको, खपावर द्या

प्रश्न: आमचा प्रवासी बॅगांचा छोटा ब्रँड आहे, माल ८० दुकानांत जातो. एका मॉडेलचे काळा आणि निळा रंग चांगले जातात, पण मोहरी आणि ऑलिव्ह या दोन रंगांना उठाव नाही. गोदामात त्यांचे १,२०० नग पडून आहेत आणि चार महिन्यांनी नवं मॉडेल येतंय. दुकानदारांना मर्यादित मुदतीची सवलत देऊन हा माल काढायचाय, पण ब्रँड स्वस्तातला वाटायला नको. किती टक्के द्यावी, किती दिवस ठेवावी आणि दुकानदारांना कळवावं कसं?

उत्तर:

टक्केवारीकडे येण्याआधी तुमच्या प्रश्नात नसलेला एक आकडा लागेल. ८० दुकानांच्या फळ्यांवर या दोन रंगांच्या मिळून किती बॅगा आत्ता आहेत, आणि दर आठवड्याला काउंटरवरून किती जातात? गोदामातले १,२०० नग तुम्हाला दिसतात, त्यामुळे तेच डोळ्यांवर येतात. पण सवलत कशी बेतायची हे दुकानातल्या साठ्यावरून ठरतं. दोन-तीन दिवस फोनवर बसून हा आकडा गोळा करा. सगळी दुकानं जमली नाहीत तर मोठी ३० तरी घ्या.

पुढचं नीट कळावं म्हणून मी काही आकडे धरतो. तुमचे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत तीच राहील. समजा दुकानांत मिळून ९०० बॅगा आहेत आणि आठवड्याला ६० खपतात. गोदामातला आणि दुकानांतला माल मिळून २,१०० झाला. ६० च्या वेगाने तो ३५ आठवडे पुरेल, आणि नवं मॉडेल १६ आठवड्यांत येतंय. काहीच केलं नाही तर तोवर ९६० जातील आणि १,१४० उरतील.

आता हाच आकडा दुकानवार फोडा. बहुतेक वेळा चित्र असं निघतं: २५ दुकानं मिळून आठवड्याला ४५ विकतात आणि त्यांच्याकडे साठा आहे ३०० चा, म्हणजे सात आठवड्यांहून कमी. उरलेली ५५ दुकानं मिळून आठवड्याला १५ विकतात आणि त्यांच्याकडे ६०० पडून आहेत, म्हणजे ४० आठवडे पुरतील इतक्या. तुमची अडचण दोन जागी दोन वेगळ्या प्रकारची आहे. काही दुकानांत माल चालतो आहे पण जोर नाही, आणि काही दुकानांत तो भरून ठेवला आहे पण गिऱ्हाईकच नाही.

अशा वेळी सर्वांत सोपी वाटणारी स्कीम म्हणजे बिलावर सरळ सवलत: महिनाभरात या दोन रंगांची ऑर्डर द्या, १८ टक्के कमी लावू. ही स्कीम कागदावर जोरात चालते. दुकानदार हुशार असतो. जो माल त्याला पुढच्या सहा महिन्यांत लागेल तो तो आत्ताच स्वस्तात उचलतो. गोदाम रिकामं होतं, विक्री विभाग खूश होतो. पण काउंटरवर काय बदललं? बॅग तीच, किंमत तीच, मांडणी तीच. गिऱ्हाईक पूर्वीसारखंच आठवड्याला ६० नेतं. चार महिन्यांनी नवं मॉडेल घेऊन तुम्ही जाता तेव्हा त्याच १,१४० बॅगा शिल्लक असतात, फक्त आता त्या दुकानदाराच्या फळीवर असतात आणि त्याचे पैसे त्यात अडकलेले असतात. तो नवा माल घेत नाही, जुना परत घ्या म्हणतो. तुम्ही नाही म्हटलंत तर पैसे सोडवायला तो पडेल त्या भावाला फुंकतो. ब्रँडची पत इथे जाते. सवलत जाहीर झाल्याच्या दिवशी सहसा काही होत नाही, नुकसान काही महिन्यांनी आणि तुमच्या हाताबाहेर होतं.

ही अडचण फक्त लहान ब्रँडची नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दुकानदारांना दिल्या जाणाऱ्या अशा स्कीमा मोठ्या प्रमाणात कापल्या आणि त्याऐवजी रोजचे घाऊक दर खाली आणले. सवलतीच्या काळात दुकानदार भरमसाट भरून ठेवायचे, मग बराच काळ ऑर्डर नसायची, आणि कारखान्याचं वेळापत्रक कोलमडायचं. मात्र प्रतिस्पर्धी स्कीमा देत राहिले आणि कंपनीला बाजारातला काही वाटा गमवावा लागला. म्हणून सवलत देऊच नका, असं मी सांगत नाही. ती कशावर द्यायची, एवढंच बदला.

सवलत खपावर कशी द्यायची

बिल नेहमीच्या दरानेच करा. दरपत्रकाला हात लावू नका. ठरलेल्या सहा आठवड्यांत या दोन रंगांची जेवढी नगं दुकानातून प्रत्यक्ष गिऱ्हाइकाला विकली जातील, तेवढ्यांवर दर नगामागे ठरलेली रक्कम क्रेडिट नोटने द्या. विकलेला माल मोजायचं सूत्र साधं आहे: पहिल्या दिवशीचा साठा, अधिक मुदतीत घेतलेला माल, वजा शेवटच्या दिवशीचा साठा.

या पद्धतीचे दोन फायदे आहेत. दुकानदाराला भरून ठेवून काही मिळत नाही, विकूनच मिळतं, त्यामुळे बॅग मागच्या खोलीतून पुढच्या फळीवर येते. दुसरा फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी पूर्ण दराने हाच माल घेतला होता, त्यांच्या जुन्या साठ्यालाही ही रक्कम आपोआप लागू होते. बिलावरच्या सवलतीत हे लोक पोळतात. शेजारच्या दुकानाला तोच माल स्वस्त मिळाला, मी मात्र आधी घेऊन बसलो, ही खंत दुकानदार फार काळ विसरत नाही. पुढच्या हंगामात तुमची ऑर्डर तो शेवटपर्यंत रोखून धरतो, कारण घाई केली की नुकसान होतं हे तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

रक्कम किती

घाऊक दर १०० धरू. तुमचा नगाचा खर्च ६०, दुकानात गिऱ्हाइकासाठी किंमत १६०. दुकानदाराला एका बॅगेमागे ६० सुटतात. तुम्ही नगामागे १८ दिलेत आणि त्याने किंमत १६० ची १४० केली, तर त्याला १४० वजा ८२ म्हणजे ५८ सुटतात. त्याचं जवळपास काही जात नाही आणि बॅगा जास्त जातात. गिऱ्हाइकाला दिसणारी घट साडेबारा टक्क्यांची आहे. बंद होणाऱ्या रंगावर एवढी घट कुणाला खटकत नाही. माझ्या मते बंद होणाऱ्या वस्तूलाही दुकानात पंचवीस टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. त्यापुढे गिऱ्हाइकाच्या मनात आधीच्या किमतीविषयीच शंका येते, आणि ती शंका काळ्या-निळ्या बॅगांवरही पडते.

आता १८ परवडतात का ते पाहू. नवं मॉडेल आल्यावर उरलेला माल लॉटमध्ये उचलणारा व्यापारी नगाला ३५ देईल असं धरा. म्हणजे त्याआधी दुकानातून गेलेली प्रत्येक जादा बॅग तुमचे ६५ वाचवते. (उरलेल्यातल्या काही बॅगा दुकानदाराच्या असतील हे खरं, पण परतीच्या नाहीतर नुकसानभरपाईच्या मागणीने तो तोटा फिरून तुमच्याकडेच येतो, म्हणून मी फरक करत नाही.)

सहा आठवड्यांत खप ६० वरून १८० झाला, म्हणजे तिप्पट, तर १,०८० बॅगा जातील. तिप्पट हा चांगला निकाल आहे, गृहीत धरण्यासारखा नाही. स्कीम संपल्यावर काही काळ खप नेहमीपेक्षा खाली जातो, कारण पुढे घेणाऱ्यांपैकी काहींनी आधीच घेतलेली असते. उरलेले दहा आठवडे ६० ऐवजी ४५ धरा, म्हणजे ४५०. एकूण गेल्या १,५३०, उरल्या ५७०. काहीच न करता १,१४० उरणार होत्या, म्हणजे ५७० बॅगा जास्त गेल्या. त्यांनी वाचवले ३७,०५०. तुम्ही दिले १,०८० गुणिले १८, म्हणजे १९,४४०. हातात उरले १७,६१०.

या हिशेबातली एक रक्कम नीट पाहा. १,०८० पैकी ३६० बॅगा सवलत नसतानाही गेल्याच असत्या. त्यांच्यावर दिलेले ६,४८० वाया गेले, शिवाय नंतरच्या दहा आठवड्यांत १५० बॅगांचा खप घटला. हे दोन्ही भरून निघायला स्कीमच्या काळात साधारण ३४५ बॅगा जादा जाव्या लागतात, म्हणजे आठवड्याला ११७-११८. नुकसान होऊ नये एवढ्यासाठीच खप जवळपास दुप्पट व्हायला हवा. हा आकडा स्कीम सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवा, कारण दोन आठवड्यांनी निर्णय त्यावरच घ्यायचा आहे.

मर्यादा आणि ऑर्डरचा कोटा

खपावर सवलत दिली तरी गैरवापराच्या वाटा उरतातच. मोठा दुकानदार शंभर बॅगा एकदम दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याला देतो आणि विकल्या म्हणून दाखवतो. त्या बॅगा मग कुठल्यातरी ऑनलाइन यादीत अगदी खालच्या भावाने दिसतात. म्हणून प्रत्येक दुकानाला वरची मर्यादा ठेवा: मागच्या बारा आठवड्यांचा आठवड्याचा सरासरी खप, गुणिले सहा आठवडे, गुणिले चार. ही संख्या दहाच्या खाली येत असेल तर दहा धरा. याच मर्यादेतून आत्ताचा साठा वजा केला की नव्या ऑर्डरचा कोटा निघतो.

एक दुकान घेऊन पाहू. आठवड्याला सरासरी दीड बॅग विकतं. मर्यादा आली ३६. त्याच्याकडे १२ आहेत, म्हणून नव्या २४ पर्यंत मागवता येतील. त्याने २४ घेतल्या आणि शेवटच्या दिवशी ९ शिल्लक निघाल्या. विकल्या २७, क्रेडिट नोट ४८६ ची. आता मंद दुकान घ्या. तीन-चार आठवड्यांत एक बॅग जाते, साठा ११. मर्यादा १०, म्हणून नवा कोटा शून्य. त्याने फळीवरच्याच बॅगा काढायच्या आणि त्यावर रक्कम मिळवायची. नियम दोघांना एकच आहे, पण जिथे माल तुंबला आहे तिथे तो आणखी भरला जात नाही.

याच सूत्राने तुमचा जास्तीत जास्त खर्चही आधीच कळतो. २५ चालत्या दुकानांची मर्यादा मिळून १,०८०, बाकी ५५ दुकानांची ५५०. सगळ्यांनी सगळं विकलं तरी १,६३० बॅगा आणि २९,३४०. ही रक्कम परवडत नसेल तर चारच्या जागी तीन घ्या. नगामागची रक्कम कमी करू नका, कारण १८ च्या ऐवजी ८ दिलेत तर दुकानदार किंमतही बदलत नाही आणि मांडणीही.

मोजणीत फसवणूक दोन टोकांना होते: पहिल्या दिवशी साठा वाढवून सांगणं आणि शेवटच्या दिवशी कमी दाखवणं. पहिल्या टोकाला तुमचीच नोंद कामाला येते. आजवर त्या दुकानाला हे रंग किती पाठवले, त्याहून जास्त साठा असूच शकत नाही. शेवटच्या दिवशी मात्र कुणीतरी जाऊन पाहायला हवं. ८० दुकानांना जाणं जमणार नसेल तर सर्वाधिक रक्कम मागणाऱ्या दहांना जा आणि बाकीच्यांकडून फळीचा आणि मागच्या खोलीचा फोटो घ्या. दुकानांत बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल आणि प्रत्येक रंगाचा बारकोड वेगळा असेल तर त्याचा आठवडी अहवाल सर्वांत चांगला. रंगांचा बारकोड एकच असेल तर काळ्या बॅगेची विक्री मोहरीच्या नावावर जाते. ते आधी तपासा.

मुदत

सहा आठवडे मी सहज म्हटले नाहीत. बहुतेक दुकानं दोन-तीन आठवड्यांनी ऑर्डर देतात. मुदतीत ऑर्डरच्या किमान दोन फेऱ्या बसायला हव्यात, नाहीतर पहिल्या फेरीत निर्णय न घेतलेल्या दुकानदाराला संधीच मिळत नाही. त्याहून जास्त ताणलीत तर सवलतीची किंमत हीच खरी किंमत होऊन बसते. स्कीम लगेच सुरू करा, म्हणजे ती संपल्यावर नव्या मॉडेलपर्यंत आठ-दहा आठवड्यांचं अंतर राहील. नवं मॉडेल पूर्ण किमतीने मांडायचं आणि शेजारी जुन्यावर सवलतीची पाटी, असं होऊ देऊ नका.

मुदत वाढवायची नाही. शेवटच्या दोन दिवसांत फोन येतील, आणि ते तुमच्या चांगल्या दुकानांचेच येतील: चार दिवस वाढवा, गिऱ्हाईक बोलून गेलंय. एकदा वाढवलीत की पुढच्या प्रत्येक तारखेचा अर्थ बदलतो. ज्याने वेळेत विकलं त्याच्यावरही अन्याय होतो. मात्र उशीर तुमच्याकडून झाला असेल, म्हणजे ऑर्डर वेळेत आली पण माल तुम्ही उशिरा पाठवलात, तर तेवढ्या दुकानाला तेवढे दिवस मिळायला हवेत. ही तरतूद पत्रातच लिहा, मग ती मेहेरबानी राहत नाही, नियम होतो.

दुकानदाराला कळवणं

पत्रात कारण पहिल्या दोन ओळींत यायला हवं. कारण सांगितलं नाही तर दुकानदार स्वतः कारण शोधतो, आणि त्याला सुचणारं कारण बहुधा असं असतं की कंपनी अडचणीत आहे, थांबू, आणखी उतरेल. रंग बंद होत आहेत हे खरं असेल तरच लिहा. सहा महिन्यांनी तोच मोहरी रंग पुन्हा छापील दराने आणलात तर पुढच्या वेळी तुमचं पत्र कुणी खरं मानणार नाही. ‘धमाका’, ‘महाबचत’, ‘स्टॉक संपेपर्यंत’ असे शब्द टाळा. मी साधारण असं लिहीन:

> सप्रेम नमस्कार,
>
> आमच्या या मॉडेलचे मोहरी आणि ऑलिव्ह हे दोन रंग आम्ही बंद करत आहोत. काळा आणि निळा रंग चालू राहतील आणि त्यांच्या दरात बदल नाही.
>
> बंद होणाऱ्या दोन रंगांच्या विक्रीसाठी १ तारखेपासून सहा आठवडे आम्ही आपल्याला साहाय्य देत आहोत. या मुदतीत आपल्या दुकानातून विकल्या गेलेल्या प्रत्येक बॅगेमागे १८ ची क्रेडिट नोट मिळेल. आपल्याकडे आधीपासून असलेल्या बॅगाही यात धरल्या आहेत. बिल नेहमीच्या दरानेच होईल.
>
> आपल्या मागील बारा आठवड्यांच्या विक्रीनुसार आपली मर्यादा ३६ बॅगा आहे. सध्याच्या साठ्याव्यतिरिक्त आपण २४ पर्यंत नव्या बॅगा मागवू शकता. मर्यादा काढण्याचं सूत्र सर्व दुकानांसाठी एकच आहे आणि ते सोबत दिलं आहे.
>
> पहिल्या आणि शेवटच्या दिवशीची मोजणी सोबतच्या तक्त्यात भरून पाठवावी. मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत क्रेडिट नोट पोहोचेल. मुदत वाढवली जाणार नाही. आमच्याकडून माल पाठवायला उशीर झाल्यास तेवढे दिवस आपल्या मुदतीत मिळवले जातील.

पत्रात दुकानदाराने किती किमतीला विकावं हे मी लिहिलेलं नाही, हे मुद्दाम आहे. बऱ्याच देशांत, युरोपीय संघात विशेषतः, विक्रेत्याला किमान विक्रीची किंमत ठरवून देणं स्पर्धाविषयक कायद्याच्या आड येतं. अमेरिकेत १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दुकानदारांना वेगवेगळ्या सवलती देण्यावर बंधनं घालतो. तुमच्याकडे काय लागू आहे ते वकिलाला विचारा. पण सगळ्यांना एकच लेखी सूत्र देणं कुठेही शहाणपणाचं, कारण दुकानदार एकमेकांशी बोलतात. मोठ्या दुकानाला गुपचूप २५ दिलेत तर ते आठवड्याभरात बाकीच्यांना कळतं.

किंमत उतरवणंच नको वाटत असेल, तर १८ च्या जागी त्याच कापडाचं छोटं पाऊच प्रत्येक बॅगेसोबत द्या. समजा ते तुम्हाला १२ ला पडतं. बॅग १६० लाच राहते आणि गिऱ्हाइकाला जास्त मिळतं. ब्रँडच्या दृष्टीने हा मार्ग जास्त सुरक्षित आहे. पण रंगच न आवडलेल्या गिऱ्हाइकाला पाऊच फारसं हलवत नाही, त्यामुळे खप तिप्पट होईल अशी आशा ठेवू नका. चालत्या २५ दुकानांपैकी दोन-तीन दुकानांत आधी दहा दिवस करून पाहता येईल.

सुरू झाल्यावर काय पाहायचं

दोन आठवड्यांनी तीन आकडे पाहा. पहिला, या दोन रंगांचा काउंटरवरचा खप. तो ११७ च्या बराच खाली असेल तर आधी दुकानात जाऊन बघा. बहुतेक वेळा रक्कम पुरेशी असते, पण दुकानाच्या मालकाने विक्री करणाऱ्या माणसाला स्कीम सांगितलेलीच नसते, आणि बॅगा अजून वरच्या फळीवर असतात. माणसं पाठवून मांडणी बदला. मध्येच रक्कम १८ ची २५ मात्र करू नका. त्यातून थांबणाऱ्याला बक्षीस मिळतं.

दुसरा आकडा काळ्या आणि निळ्या बॅगांचा. त्यांचा खप पडला तर १४० ची मोहरी बॅग १६० च्या काळ्या बॅगेचं गिऱ्हाईक नेते आहे. काळ्या बॅगेवर तुम्हाला ४० सुटतात. अशी बॅग हुकली की त्या विक्रीतून वाचलेल्या ६५ पैकी ४० गेले, वर १८ दिलेच. उरतात ७. थोडी गळती चालेल, पण जादा गेलेल्या दर तीन बॅगांमागे एक काळी बॅग कमी होत असेल तर मी दुकानदारांना दोन्ही रंग काळ्यापासून लांब मांडायला सांगेन आणि असा प्रयोग पुढे पुन्हा करणार नाही.

तिसरा, एखाद्या दुकानाची अचानक उडी. आठवड्याला दोन विकणारं दुकान तीस दाखवत असेल तर फोन करा. खरंच विकल्या असतील तर त्याने काय केलं ते विचारून बाकीच्यांना सांगा. कुठेतरी वळवल्या असतील तर ऑनलाइन यादीत त्या आठवड्याच्या आत दिसतील. मर्यादा असल्यामुळे नुकसान आवाक्यात राहतं, पण त्या दुकानाला पुढच्या स्कीममध्ये घ्यायचं की नाही हे तेव्हाच ठरवा.

उरलेल्या ५७०

स्कीम चांगली गेली तरी माल उरेल, हे आधीच मान्य करा. कोट्यामुळे उरलेल्यातला बराच भाग तुमच्याच गोदामात असेल, आणि मला तो तिथेच बरा वाटतो, कारण तिथे त्याची किंमत कुणी परस्पर पाडू शकत नाही. दुकानांसाठी दुसरी स्कीम काढू नका. वर्षातून दोनदा झाली की दुकानदार तिसऱ्या वेळेपासून तारखेची वाट पाहून ऑर्डर देतो. उरलेला माल दुकानांबाहेर काढा. कार्यक्रमांत सहभागींना बॅगा देणाऱ्या संस्था, कर्मचाऱ्यांना भेट देणाऱ्या कंपन्या एकगठ्ठा घेतात आणि त्यांच्या बॅगेवर किमतीचं लेबलच नसतं. तिथे ३५ च्या जागी ५५-६० मिळू शकतात. तेही जमलं नाही आणि लॉट उचलणाऱ्याकडे जावं लागलं, तर विक्रीच्या कागदावर माल कुठल्या भागात विकायचा आणि ऑनलाइन विकायचा का, हे आधी ठरवून घ्या, कायद्यात बसतं तेवढंच. त्याला ते मान्य नसेल तर ब्रँडचं बाहेरचं लेबल काढून मगच माल द्या. नगामागे थोडी मजुरी लागते, पण नव्या मॉडेलच्या महिन्यात तुमच्या नावाची ३५ ची बॅग बाजारात फिरण्यापेक्षा ती मजुरी फार कमी आहे.